खडीसाखरेचा दोरा आणि माझा मुतखडा

एप्रिलमधली पहाट होती, चारचा सुमार. डाव्या बाजूला बरगडीच्या खाली, पाठीकडे काहीतरी दुखतंय म्हणून जाग आली. आदल्या रात्री शिळी भाकरी खाल्ली होती, तेव्हा गॅस असेल असं वाटलं. ओवा चावला, हिंगाचं पाणी प्यायले. अर्ध्या तासात दुखणं पाठीतून पुढे आलं आणि जांघेपर्यंत उतरलं. मला बसता येईना, पडता येईना, उभंही राहता येईना. कूस बदलून, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला पाठ लावून पाहिलं, पण बरं वाटेल अशी एकही जागा सापडेना. दोन उलट्या झाल्या. मग दहा-पंधरा मिनिटं कळ ओसरायची, सगळं संपलं असं वाटायचं, आणि पुन्हा लाट यायची. दोन बाळंतपणं झालेली बाई आहे मी, आणि तरी सांगते, ही कळ त्याहून वेगळी आणि त्याहून निर्दयी होती.

शेजारच्या काकूंनी ऐकताक्षणी ओळखलं. "मुतखडा आहे गं. पाणी पी भरपूर, धक्क्याने निघून जाईल." मी तासाभरात दोन लिटर पाणी पोटात घातलं. त्यातलं निम्मं उलटून पडलं, आणि कळ वाढली. ती का वाढली हे मला नंतर समजलं.

मी बार्शीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वीस वर्षं संपृक्त द्रावण, अतिसंपृक्त द्रावण, स्फटिकीकरण हे धडे घेते आहे. तेच सगळं माझ्या मूत्रपिंडात चालू होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला पाठवली. डोळ्यांना लाल दिसत नव्हती, पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी होत्या. ताप नव्हता. ही चौकशी त्यांनी दोनदा केली: थंडी वाजते का, अंग तापलंय का? मग डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांत कळ उतरली. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड थोडं फुगलेलं दिसलं, पण खडा दिसला नाही. आतड्यातल्या हवेमुळे मूत्रपिंडाखालच्या नळीतला खडा सोनोग्राफीत बरेचदा लपतो. सोलापूरला जाऊन सीटी स्कॅन केला तेव्हा तो सापडला. पाच मिलिमीटरचा होता, तुरीच्या दाण्याहून लहान. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या खालच्या भागात, मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला.

एवढासा खडा माणसाला जमिनीवर लोळवतो कसा, हा माझा पहिला प्रश्न होता. मी समजत होते की खडा टोकदार असतो, तो नळीला आतून कापतो आणि म्हणून दुखतं. सोलापूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की मुख्य कारण ते नाही. मूत्रवाहिनी ही पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची, आतून तीन-चार मिलिमीटर रुंदीची स्नायूची नळी. अन्ननलिका जसा घास पुढे ढकलते, तशी ती लघवी खाली ढकलते. तिच्या तीन जागा अरुंद असतात: मूत्रपिंडातून नळी सुरू होते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडा बहुधा यांपैकी एका ठिकाणी अडतो. वरून मूत्रपिंड लघवी बनवतच राहतं. नळीतला दाब वाढतो, मूत्रपिंडाची पिशवी ताणली जाते, आणि दुखतं ते या ताणामुळे. त्याच वेळी नळीचे स्नायू खडा रेटण्यासाठी आवळत राहतात, म्हणून कळ लाटांसारखी येते.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ताणलेल्या मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह वाढवतात. रक्त वाढलं की लघवी वाढते, लघवी वाढली की दाब वाढतो. म्हणजे वाट बंद आणि नळ आणखी सोडलेला. डायक्लोफिनॅक ही द्रव्यं बनण्याची वाटच अडवतं, म्हणून ते नुसतं दुखणं दडपत नाही, दाबही उतरवतं. आणि म्हणूनच ऐन कळेत पोटभर पाणी पिणं चूक. नळी अडलेली असताना वरून पाणी लोटून खडा खाली ढकलला जात नाही, दाब मात्र वाढतो. तहान लागेल तेवढं प्यावं, उलट्या होत असतील तर सलाइन लागतं. पाण्याची वेळ नंतर येते. काकूंनी मायेने सांगितलं होतं, आणि खडा पुन्हा होऊ नये यासाठी ते खरंच होतं. कळेच्या वेळी मात्र नाही.

जांघेत का दुखतं आणि उलट्या का होतात, तेही मी विचारलं. मूत्रपिंड आणि नळीच्या वरच्या भागाकडून येणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातल्या ज्या पातळीवर शिरतात, तिथेच जांघेकडचे आणि पोटाकडचे मज्जातंतूही येतात. मेंदूला नेमकी जागा ओळखता येत नाही. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की वारंवार लघवीला जावंसं वाटतं आणि थेंबथेंब होते. लोक त्याला उन्हाळी लागली म्हणतात आणि धन्याचं पाणी पीत बसतात. मीही पहिले दोन दिवस तेच केलं.

पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप निघतात. मोठा होत जातो तशी ती शक्यता घटते, आणि दहा मिलिमीटरच्या पुढे फार कमी राहते. मला नळी सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी, वेदनाशामक आणि चार आठवड्यांची मुदत मिळाली. सोबत ताकीद अशी: ताप आला किंवा थंडी भरली तर रात्र असली तरी यायचं. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला तर जिवाला धोका असतो, आणि तेव्हा नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते. लघवी अजिबात बंद झाली तरी थांबायचं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, जी मला कुणीच सांगितली नव्हती: दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं समजू नका. काही दिवसांनी त्या मूत्रपिंडातला रक्तप्रवाहच कमी होतो, लघवी कमी बनते, ताण उतरतो आणि कळ थांबते. खडा मात्र तिथेच असतो, आणि महिनोन्‌महिने अडून राहिला तर मूत्रपिंड कायमचं कमकुवत होतं. म्हणून खडा हातात येईपर्यंत किंवा तपासणीत वाट मोकळी दिसेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

अकरा दिवस मी चहाची जुनी गाळणी घेऊन न्हाणीघरात जात होते. अकराव्या दिवशी दुपारी गाळणीत टक्क आवाज झाला. तपकिरी, खडबडीत, एका बाजूला थोडा खोलगट. तो सुकवून, डबीत घालून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: बराचसा कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, खोलगट बाजूला थोडा कॅल्शियम फॉस्फेट. मुतखड्यांत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

त्या फॉस्फेटच्या ठिपक्यावरून डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, खडीसाखर कशी करतात?" मी सांगितलं, साखरेचा दाट पाक, त्यात दोरा सोडायचा, आणि दिवसेंदिवस हलवायचं नाही. ते म्हणाले, "तेच." मूत्रपिंडाच्या आत ज्या टोकांतून लघवी पिशवीत उतरते, त्या टोकांच्या अस्तराखाली कॅल्शियम फॉस्फेटचे पांढरे ठिपके धरतात. १९३७ साली अलेक्झांडर रँडॉल या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने हे ठिपके शोधले, म्हणून त्यांना रँडॉलचे प्लाक म्हणतात. अस्तर फाटून ठिपका उघडा पडला की तो दोऱ्याचं काम करतो. लघवीतलं कॅल्शियम ऑक्झलेट त्यावर थरावर थर बसतं. नळीतून वाहणाऱ्या लघवीत एखादा सूक्ष्म स्फटिक तयार झाला, तर तो बहुधा वाहून जातो. पण चिकटून बसलेल्या स्फटिकाला वाढायला महिने मिळतात. मूत्रपिंडात चिकटलेला असताना तो सहसा दुखत नाही. सुटून नळीत घरंगळला की एप्रिलची ती पहाट होते.

दोरा सगळ्यांकडे कमी-अधिक असतो. पाक किती दाट, हे आपल्या हातात. तो मोजायचा म्हणून चोवीस तासांची लघवी तपासायची होती.

तोवर तीन महिने गेले होते, आणि त्या तीन महिन्यांत मी दूध, दही, ताक, टोमॅटो, वांगं आणि पालक सगळं बंद केलं होतं. घरी आईंनी (माझ्या सासूबाई) आणि शाळेतल्या प्रत्येकाने हेच सांगितलं होतं. खडा कॅल्शियमचा, तर कॅल्शियम टाळायचं, हा हिशेब मलाही बरोबर वाटला होता.

तपासणीची पद्धत सोपी वाटते, पण चुकते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ लावायचं. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवीसुद्धा. एकदा जरी विसरलं तरी आकडे खोटे. मी रविवारी घरी बसून नीट गोळा केली. दीड लिटर भरली. डॉक्टरांनी विचारलं, रविवारी का? मला शाळेच्या दिवसाची हवी. तुमचा खडा रविवारी वाढत नाही, सोमवार ते शनिवार वाढतो.

ते ऐकून मी गप्प झाले, कारण त्यांनी वर्मावर बोट ठेवलं होतं. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच स्वच्छतागृह, आणि त्यात बहुतेक वेळा पाणी नसायचं. त्यामुळे आम्ही सगळ्याजणी सकाळी सातला घरून निघताना अर्धा कप चहा घ्यायचो आणि दुपारी दीडपर्यंत पाण्याला तोंड लावायचो नाही. वीस वर्षं हीच सवय. लघवी रोखून धरल्याने खडा होतो असं बायकांत बोललं जातं. खडा त्याने होत नाही, पण जावं लागू नये म्हणून पाणी न पिण्याने नक्की होतो. एप्रिलमध्ये बार्शीचा पारा चाळिशीच्या पुढे, फळ्यासमोर उभं राहून चार तास बोलायचं, घाम जातोय, आणि आत पाक आटतोय.

दुसऱ्या वेळी मी कॅन पिशवीत घालून शाळेत नेला. संकोच वाटला, पण नेला. आकडे असे आले. लघवी फक्त ९५० मिलिलिटर. कॅल्शियम १९० मिलिग्रॅम, म्हणजे बाईच्या मानाने मर्यादेत. ऑक्झलेट ५२ मिलिग्रॅम, साधारण ४० ते ४५ च्या आत हवं ते वाढलेलं. सायट्रेट २४० मिलिग्रॅम, निदान ३२० तरी हवं होतं. सोडियम २०५ मिलिमोल. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात येणारं द्रव्य, ९६० मिलिग्रॅम; माझं वजन ६२ किलो, त्या हिशेबाने ते जुळलं, म्हणजे गोळा करण्यात चूक नव्हती.

सोडियमचा आकडा मिठात बदलला तर दिवसाला जवळजवळ बारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. हे मीठ येतं कुठून? शेंगाची चटणी, ठेचा, लोणचं, पापड, मिठाची मिरची. आमच्या ताटाची डावी बाजू. मूत्रपिंडाच्या नलिकेत कॅल्शियम सोडियमच्या मागोमाग रक्तात परत घेतलं जातं. मीठ जास्त झालं की मूत्रपिंड सोडियम बाहेर सोडतं, आणि कॅल्शियमही त्याच्याबरोबर निसटतं. म्हणजे दूध बंद आणि लोणचं चालू, यात मी उलटी वाट धरली होती.

ऑक्झलेट ५२ कसं झालं, याचं उत्तर आणखी चटका लावणारं होतं. पालेभाज्या, शेंगदाणे, काजू-बदाम, बीट, चहा यांतून ऑक्झलेट येतं. अळूची पानं घशाला खाजतात ना, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्याच सुयांमुळे. जेवणात दही-ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं, न विरघळणारा क्षार होतो आणि तो शौचावाटे जातो. अळूतल्या सुयांचंही तसंच, त्या आधीच कॅल्शियमशी बांधलेल्या असतात. धोका मोकळ्या ऑक्झलेटचा. मी पालक सोडला खरा, पण शेंगाची चटणी रोज होती, आणि दूध-दही बंद केल्याने ऑक्झलेटला आतड्यात अडवणारं कुणी राहिलं नाही. ते रक्तात शिरलं आणि लघवीत उतरलं. इटलीतल्या पार्मा इथे झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल डॉक्टरांनी सांगितलं. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे आणि वारंवार खडे होणारे १२० पुरुष. निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार, निम्म्यांना पुरेसं कॅल्शियम पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना. कॅल्शियमच्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे, त्या विचारून घ्याव्यात, आणि उपाशीपोटी घेतल्या तर ऑक्झलेट अडवण्याचा उपयोग होत नाही. रक्तातलं कॅल्शियम मात्र त्यांनी एकदा तपासलं, कारण ते वाढलेलं असेल तर पॅराथायरॉइड ग्रंथीचा दोष शोधावा लागतो. माझं ठीक होतं.

आता पाण्याचा हिशेब. हा मी घरी फळ्यावर मांडला. कॅल्शियम १९० मिलिग्रॅम ९५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे लिटरला २००. ऑक्झलेट लिटरला साधारण ५५. स्फटिक दोघांच्या जोडीने बनतो, म्हणून दोन्हींचा गुणाकार पाहायचा. लघवी दुप्पट केली की कॅल्शियमची तीव्रता निम्मी आणि ऑक्झलेटचीही निम्मी, म्हणजे गुणाकार चौथाई. काहीही न सोडता, फक्त पाण्याने. प्रत्यक्षात रोधक द्रव्यंही पातळ होतात आणि आम्लतेचाही भाग असतो, त्यामुळे फायदा नेमका चौपट नसतो, पण दिशा हीच. त्याच पार्मातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिला खडा झालेल्यांना रोज दोन लिटर किंवा जास्त लघवी होईल एवढं पाणी प्यायला लावलं. पाच वर्षांत ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्या १०० पैकी २७ जणांना.

लक्ष्य लघवीचं आहे, पिण्याचं नाही, हे मनात पक्कं व्हायला मला वेळ लागला. थंडीत तीन लिटर पिऊन अडीच लिटर लघवी होते. मे महिन्यात तेवढ्याच पाण्यात दीड लिटर. म्हणून मी महिन्यातून एका दिवशी मापाच्या भांड्यात मोजते आणि त्याप्रमाणे पिणं वाढवते. रात्र सर्वांत दाट असते, म्हणून झोपताना एक पेला आणि मध्ये उठलं तर अर्धा.

सायट्रेटसाठी पोटॅशियम सायट्रेटचं औषध मिळालं. सायट्रेट कॅल्शियमला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतं, ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही, आणि स्फटिकावर बसून त्याची वाढही रोखतं. लिंबात सायट्रेट असतं, म्हणून लिंबूपाणी उपयोगी, पण आपण त्यात मीठ आणि साखर घालतो. मी ते बिनमिठाचं घेते. हे औषध मनाने घ्यायचं नाही: मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि लघवी फार अल्कली झाली तर फॉस्फेटचे खडे धरू लागतात. म्हणून मधूनमधून तपासणी होते.

हुलग्याचं कढण आईंनी दोन महिने प्रेमाने दिलं. मी प्यायले, तेवढंच पाणी पोटात गेलं. मात्र कढणाने किंवा पानफुटीच्या पानांनी खडा विरघळेल म्हणून मुदत पुढे ढकलायची नाही, हे मी आईंना समजावलं. यूरिक आम्लाचा खडा लघवीची आम्लता कमी केली तर औषधाने विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा नाही.

शाळेचं काय? आम्ही सात शिक्षिकांनी मुख्याध्यापकांना लेखी दिलं. दोन महिने काही झालं नाही. मग पालक सभेत मी उभी राहिले आणि आकडे सांगितले: ९५०, आणि ही सवय सगळ्यांची, आठवी-नववीच्या मुलींचीही. टाकीची जोडणी झाली. आता माझ्या टेबलावर बाटली असते आणि मधल्या सुट्टीआधी ती रिकामी होते.

आठ महिन्यांनी पुन्हा शाळेच्याच दिवशी तपासणी केली. लघवी २२०० मिलिलिटर. कॅल्शियम १७६, ऑक्झलेट ३३, सायट्रेट ४१०, सोडियम १३०. लिटरला कॅल्शियम ८०, ऑक्झलेट १५. गुणाकार आधी ११,०००, आता १,२००.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडात तीन मिलिमीटरचा आणखी एक खडा तेव्हाच दिसला होता. तो अजून आहे. विरघळणार नाही, हे मला माहीत आहे. चौदा महिन्यांत दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा तो तीनच भरला.